प्रथम वर्षाच्या मुलांसाठी विद्यार्थी-मेंटॉर योजना : प्राचार्यांना प्रस्तावाचं पत्र कसं लिहायचं

माझ्या टेबलाच्या खणात एक चार पानी पत्र पडून आहे. आमच्या नागपुरातल्या कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी प्राचार्यांना दिलेलं. पहिलं दीड पान ‘आजच्या स्पर्धेच्या युगात’ या थाटाचं, मग उद्दिष्टांची लांबलचक यादी, शेवटी ‘तरी कृपया योग्य तो विचार व्हावा’. समासात प्राचार्यांनी लाल पेनाने एकच शब्द लिहून ते परत पाठवलं होतं : ‘कोण?’

मुलं हिरमुसली. त्यांना तो नकार वाटला. मला वाटतं तो प्रश्न होता, आणि अगदी रास्त प्रश्न होता. चार पानांत कुठेही ही योजना सांभाळणार कोण, काही वावगं घडलं तर जाब कोणाला विचारायचा, हे नव्हतं. त्या मुलांसोबत बसून आम्ही ते पत्र दीड पानाचं केलं. ते कसं केलं, तेच इथे क्रमाने सांगतो. उदाहरण बी.एस्सी.चं घेतलं आहे, पण बी.ए. किंवा बी.कॉम.वाल्यांना तेवढं बदलून घेता येईल.

आधी योजना लहान करा

पत्र लिहायला बसण्याआधी किती मुलांसाठी परवानगी मागायची हे ठरवा. उत्साहात मुलं ‘प्रथम वर्षाच्या सर्व विद्यार्थ्यांसाठी’ असं लिहून मोकळी होतात. सगळे म्हणजे तीनशे-चारशे. तेवढ्यांसाठी पन्नास-साठ मेंटॉर हवेत, दहा वर्ग हवेत, टाइमटेबल हलवायला हवं. प्राचार्यांच्या डोळ्यांपुढे हे सगळं उभं राहतं आणि पत्र बाजूला जातं.

आम्ही प्रॅक्टिकलच्या दोन बॅच घेतल्या, २४ अधिक २४, म्हणजे ४८ मुलं. बॅच घेण्याचा फायदा असा की ही मुलं ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी एकत्र असतातच. बुधवारी दोन्ही बॅचचं प्रॅक्टिकल साडेबाराला सुटतं. त्यानंतरची चाळीस मिनिटं मागितली. टाइमटेबलला कुठेच धक्का नाही. कला शाखेत बहुतेक विषयांना प्रॅक्टिकल नसतं, तिथे एखाद्या भाषेची तुकडी घ्या.

मुदतही लहान ठेवा. आठ आठवडे पुरे. वर्षभराची परवानगी द्यायला कोणीही कचरतं, आठ आठवड्यांना चटकन हो म्हणतं. नंतर मुदत वाढवून मागता येतेच.

गरज सांगायला चाळीस मुलांना एक प्रश्न विचारा

‘नवीन विद्यार्थ्यांना अनेक अडचणी येतात’ या वाक्याने काहीच कळत नाही. दुसऱ्या वर्षाच्या चाळीसेक मुलांना गाठा आणि एवढंच विचारा : पहिल्या दोन महिन्यांत तू कशात अडकला होतास? पर्याय देऊ नका. उत्तरं त्यांच्या शब्दांत वहीत लिहून घ्या आणि मग सारखी उत्तरं एकत्र मोजा.

आमच्याकडे मुख्यतः तीन गोष्टी वर आल्या. एक, नव्या शैक्षणिक धोरणातल्या विषयांचं गणित : मेजर काय, मायनर काय, ओपन इलेक्टिव्ह कोणतं घ्यायचं, क्रेडिट कुठे जमा होतात. दोन, महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा अर्ज. बँकेचं खातं आधारला जोडलेलं नाही, उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आलेला नाही, आणि हे सगळं कळतं तारीख तोंडावर आल्यावर. तीन, भंडारा-गोंदियाकडून मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजीतलं लेक्चर. एका मुलीने सांगितलं ते मी विसरलो नाही. ती महिनाभर ‘टायट्रेशन’ हा शब्द वहीत मराठीत ऐकल्यासारखा लिहीत होती आणि पुस्तकाच्या सूचीत तो शोधत होती. स्पेलिंगच माहीत नसल्यामुळे तो तिला सापडत नव्हता. सर रागावतील म्हणून विचारलं नाही. सीनियरला विचारलं असतं.

पत्रात मात्र या गोष्टी रंगवू नका. आकडे द्या, तीन ओळींत.

नियम आपल्या बाजूने आहे, तो शोधून ठेवा

सीनियर आणि ज्युनियर एकत्र बसणार म्हटलं की कोणत्याही प्राचार्यांच्या मनात पहिला शब्द येतो रॅगिंग. बहुतेक प्रस्ताव इथेच अडतात आणि लिहिणाऱ्याला ते कळतही नाही, कारण तोंडावर तसं कोणी म्हणत नाही. ‘बघू’ म्हणतात.

गंमत अशी की ज्या नियमांची ही भीती आहे, तेच नियम ही योजना करायला सांगतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली रॅगिंग रोखण्यासाठी विनियम काढले. अँटी रॅगिंग समिती आणि अँटी रॅगिंग पथक सगळ्यांना माहीत असतं, कारण त्यांचे फलक भिंतीवर लागलेले असतात. त्याच कलमात, ६.३ मध्ये, पुढे मेंटॉरिंग सेलची तरतूद आहे. प्रत्येक संस्थेने शैक्षणिक वर्ष संपत येताना, पुढच्या वर्षी येणाऱ्या नव्या मुलांसाठी, स्वतःहून तयार असलेल्या विद्यार्थ्यांचा असा सेल नेमावा. सहा नव्या विद्यार्थ्यांमागे एक मेंटॉर आणि खालच्या सहा मेंटॉरांमागे वरच्या वर्गातला एक मेंटॉर, असं प्रमाणही तिथेच दिलं आहे.

म्हणून आमचं गणित आम्ही मनाने केलं नाही. ४८ भागिले ६, आठ मेंटॉर दुसऱ्या वर्षाचे. आठ मेंटॉरांवर तिसऱ्या वर्षाचे दोन, कारण एकाकडे सहापेक्षा जास्त द्यायचे नाहीत. ते पान आयोगाच्या संकेतस्थळावरून काढून, ओळींवर पिवळा मार्कर फिरवून पत्राला जोडा. मी सांगतो, या एका पानाने पत्राचं वजन जितकं वाढतं तितकं कशानेच वाढत नाही. त्या पानामुळे कॉलेजने करायचं काम तुम्ही हातात घेता आहात, असं चित्र उभं राहतं. मात्र पत्रात ‘नियमानुसार आपण हे करणे बंधनकारक आहे’ असा सूर लावू नका. संदर्भात नियम लिहा आणि गप्प राहा. ज्याला समजायचं त्याला समजतं.

‘कोण?’चं उत्तर : एक प्राध्यापक, नावासकट

पत्र देण्याआधी एका प्राध्यापकाची लेखी संमती घ्या. तोंडी नको. ‘सर तयार आहेत’ असं पत्रात लिहिलं आणि सर त्याच दिवशी प्राचार्यांसमोर ‘मला काही कल्पना नाही’ म्हणाले, असं मी पाहिलं आहे. संमती दोन ओळींची असली तरी चालते.

प्राध्यापक कोण असावा? सगळ्यात लोकप्रिय नव्हे, तर बुधवारी साडेबाराला खरोखर कॉलेजात असणारा. मुलींच्या संख्येचा विचार करून सोबत एखाद्या मॅडमचं नाव असलं तर फार उत्तम.

आणि एक फरक आधीच समजून घ्या. तुमच्या कॉलेजात शिक्षक-पालक योजना किंवा मेंटॉर-मेंटी योजना चालू असेल, नॅकच्या कामात तिची नोंद होते. प्राचार्य हमखास म्हणतील, ‘आपल्याकडे आहे की मेंटॉर!’ ते मेंटॉर शिक्षक असतात. तुमची योजना त्यांच्या जागी नाही, त्यांच्या एक पायरी खाली आहे : मेंटॉर मुलगा अडचण ऐकतो, स्वतःच्या आवाक्यातली सोडवतो, बाकीची शिक्षक-पालकाकडे नेतो. हे एक वाक्य पत्रात असलंच पाहिजे, नाहीतर ज्यांच्याकडे ती योजना आहे ते प्राध्यापक उगाच दुखावतात.

वेळ साधा

नियमच म्हणतो वर्ष संपत येताना. म्हणजे मार्च. एप्रिलमध्ये परीक्षांची धावपळ, मेमध्ये नागपूरच्या उन्हात कॉलेजात चिटपाखरू नसतं, आणि जूनमध्ये प्रवेशाची झुंबड उडाली की प्राचार्यांच्या टेबलावर तुमचं पत्र गुणपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली जातं. मार्च हुकला तर जूनचा हट्ट न करता दुसऱ्या सत्रासाठी मागा आणि दिवाळीनंतर लगेच पत्र द्या.

पत्राचा नमुना

हा आम्ही शेवटी दिलेला मसुदा. आकडे तुमच्या चौकशीचे घाला.

> दिनांक : १० मार्च
>
> प्रति,
> मा. प्राचार्य,
> (महाविद्यालयाचे नाव), नागपूर
>
> मार्फत : विभागप्रमुख, रसायनशास्त्र विभाग
>
> विषय : बी.एस्सी. प्रथम वर्षाच्या ४८ विद्यार्थ्यांसाठी आठ आठवड्यांची विद्यार्थी-मेंटॉर योजना राबविण्यास परवानगी मिळणेबाबत.
>
> संदर्भ : विद्यापीठ अनुदान आयोगाचे रॅगिंग प्रतिबंधाबाबतचे विनियम, २००९, कलम ६.३ (मेंटॉरिंग सेल). प्रत सोबत जोडली आहे.
>
> महोदया,
>
> पुढील शैक्षणिक वर्षात प्रवेश घेणाऱ्या बी.एस्सी. प्रथम वर्षाच्या दोन प्रॅक्टिकल बॅचसाठी (४८ विद्यार्थी) आम्ही आठ आठवड्यांची मेंटॉर योजना चालवू इच्छितो. त्यास आपली परवानगी मिळावी, ही विनंती.
>
> आम्ही द्वितीय वर्षाच्या ४० विद्यार्थ्यांना पहिल्या दोन महिन्यांतील अडचणी विचारल्या. २३ जणांनी विषयनिवड व क्रेडिट, १७ जणांनी शिष्यवृत्तीचा अर्ज आणि १४ जणांनी इंग्रजीतून शिकताना येणारी अडचण सांगितली. काहींनी एकापेक्षा अधिक अडचणी सांगितल्या आहेत.
>
> योजनेचे स्वरूप असे राहील. द्वितीय वर्षाचे आठ विद्यार्थी प्रत्येकी सहा नवीन विद्यार्थ्यांचे मेंटॉर असतील. तृतीय वर्षाचे दोन विद्यार्थी या आठ जणांच्या कामाकडे लक्ष देतील. भेट दर बुधवारी दुपारी १२.३० ते १.१० या वेळेत, खोली क्र. १४ मध्ये, दार उघडे ठेवून होईल. कोणत्याही तासाची वेळ बदलावी लागणार नाही. सहभाग पूर्णपणे ऐच्छिक असेल. महाविद्यालयातील शिक्षक-पालक योजना पूर्ववत राहील. मेंटॉर स्वतःला न सुटणारी अडचण संबंधित शिक्षक-पालकांकडे नेतील.
>
> योजनेचे समन्वयक म्हणून आमच्या विभागातील प्रा. ______ व प्रा. ______ यांनी लेखी संमती दिली आहे. प्रत्येक भेटीची उपस्थिती व विषय नोंदवहीत लिहून ती त्याच दिवशी समन्वयकांना दाखविली जाईल.
>
> प्रत्येक मेंटॉर रॅगिंगविरोधी हमीपत्र व सोबत जोडलेली आचारसंहिता स्वाक्षरीसह सादर करील. महाविद्यालयाबाहेर भेट, पैशांची देवाणघेवाण आणि नवीन विद्यार्थ्यांचे छायाचित्र घेणे यांस मनाई राहील. गंभीर तक्रार समजल्यास मेंटॉर ती त्याच दिवशी समन्वयकांना कळवील.
>
> अंदाजे खर्च ४३२ रुपये आहे (नोंदवह्या ८, दर ३० रुपये; माहितीपत्रकाच्या छायाप्रती ९६ पाने, दर २ रुपये). तो विभागाच्या किरकोळ खर्चातून मिळावा.
>
> आपल्याकडून पुढील तीन बाबी अपेक्षित आहेत : १) योजनेस लेखी परवानगी, २) खोली क्र. १४ आठ बुधवार उपलब्ध करून देणे, ३) प्रवेशानंतरच्या परिचय कार्यक्रमात योजनेची माहिती देण्यासाठी दहा मिनिटे.
>
> आठव्या आठवड्यानंतर एक पानाचा अहवाल आम्ही आपणास सादर करू. चर्चेसाठी आपण सांगाल त्या वेळी उपस्थित राहू.
>
> आपले विश्वासू,
> (दोन विद्यार्थी प्रतिनिधींची नावे, वर्ग, हजेरी क्रमांक, स्वाक्षऱ्या)
>
> सहपत्रे : १) विनियमातील संबंधित पान २) समन्वयकांची संमती ३) मेंटॉर आचारसंहिता ४) आठ आठवड्यांचे विषय
>
> प्रत माहितीसाठी : अँटी रॅगिंग समिती, आयक्यूएसी समन्वयक

यातल्या काही ओळी का आहेत

‘दार उघडे ठेवून’ हे वाचून मुलं हसली होती. पण ज्या माणसाला उद्या पालकांच्या फोनला उत्तर द्यायचं आहे, तो नेमकं असंच काहीतरी शोधत असतो. ‘महाविद्यालयाबाहेर भेट नाही’ याचंही तसंच. आपल्याकडे ‘चल, संध्याकाळी फुटाळ्यावर भेटू’ किंवा ‘तर्री पोहे खायला ये’ हे सहज निघतं, त्यात वाईट हेतू नसतो. तरी पहिल्या महिन्यातल्या मुलीला सीनियरने असं म्हटलं तर ती नाही म्हणू शकेलच असं नाही. म्हणून मनाई सरसकट. मुलींनी मेंटॉर मुलगीच मागितली तर तशी द्यायची, हे आचारसंहितेत लिहा.

नव्या मुलांचे मोबाइल नंबर ऑफिसकडे मागू नका. आधीच्या मसुद्यात ही मागणी होती आणि ती मी खोडायला लावली. नंबर ही मुलांची खासगी माहिती आहे. त्यासाठीच परिचय कार्यक्रमातली दहा मिनिटं मागितली आहेत : योजना सांगायची, कागद फिरवायचा, ज्याला यायचं तो स्वतः नाव लिहील. अठ्ठेचाळीसपैकी तीस आले तरी पाच गट होतात आणि योजना चालते.

मेंटॉरांसाठी प्रमाणपत्र मागायला हरकत नाही, पण ते अहवालानंतर मागा. क्रेडिट मागू नका. संलग्न कॉलेजात क्रेडिटची चौकट विद्यापीठ ठरवतं, ती मागणी केलीत की पत्र एका फाइलीतून दुसऱ्या फाइलीत फिरत बसेल.

निकालाचं आश्वासनही देऊ नका. ‘नापासांचं प्रमाण घटेल’ असं एकाने लिहिलं होतं. आठ आठवड्यांच्या गप्पांनी ते घटलं की पेपर सोपा होता म्हणून, हे कोण सांगणार? त्यापेक्षा मोजता येईल तेच अहवालात द्या : किती आले, किती अडचणी नोंदल्या, किती सुटल्या, किती शिक्षकांकडे गेल्या.

मेंटॉर कसे निवडणार, याची तयारी ठेवा

पत्रात हे लांबवू नका, पण भेटीत हा प्रश्न येतोच. पहिले नंबर काढणारे आठ घेऊ, असं सांगू नका. माझा अनुभव उलटा आहे. ज्याला पहिल्या सत्रात एटीकेटी लागली आणि ज्याने ती सोडवली, तो मुलगा नव्यांना जास्त उपयोगी पडतो, कारण कुठे घसरायला होतं हे त्याच्या अंगावरून गेलेलं असतं. एखादा तरी मेंटॉर वसतिगृहातला हवा, एखादा शिष्यवृत्तीचा अर्ज स्वतः भरलेला हवा. ज्याच्यावर शिस्तीची कारवाई झाली आहे तो नको, मग तो कितीही बोलका असो. अंतिम यादी समन्वयक ठरवतील, असं सांगा. आपल्याच मित्रांची टोळी उभी करता आहात ही शंका तिथेच मिटते.

निवडलेल्या मेंटॉरांना दीड-दोन तास बसवून एकच गोष्ट घोटून घ्यायची : कुठे थांबायचं. घरची मारहाण, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा, छळाची तक्रार, यावर मेंटॉरने सल्ला द्यायचा नाही. ऐकायचं, एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी समन्वयकांपर्यंत न्यायचं. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन आधी द्यायचं नाही. रॅगिंगची देशपातळीवरची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आणि मानसिक आरोग्याची टेलिमानस १४४१६, हे दोन्ही क्रमांक माहितीपत्रकावर छापा.

पत्र देणं आणि पाठपुरावा

पत्राच्या दोन प्रती काढा. आधी विभागप्रमुखांची शिफारस घ्या, ‘शिफारस करण्यात येते’ आणि सही, एवढं पुरे. मग ऑफिसच्या आवक-जावक टेबलावर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन पोच स्वतःकडे ठेवा. थेट केबिनमध्ये नेऊन हातात दिलेलं पत्र हरवलं तर ते दिलं होतं हे सिद्ध करायला तुमच्याकडे काहीच नसतं.

आठ दिवस काही विचारू नका. नवव्या दिवशी आवक क्रमांक सांगून कारकुनाकडे चौकशी करा आणि भेटीची वेळ मागा. भेटीला दोघांनीच जा, दहा जणांचा घोळका निवेदन द्यायला आल्यासारखा दिसतो. समन्वयक सोबत असतील तर निम्मं काम तिथेच झालं.

‘बघू’ असं उत्तर आलं तर एकच विचारा : ‘मॅडम, यातलं काय बदलून आणू?’ त्यावर काहीतरी ठोस मिळतं. बुधवार नको, मुलं कमी करा, मॅडमचं नाव घाला. ते बदलून तीन दिवसांत सुधारित पत्र द्या आणि संदर्भात आधीचा आवक क्रमांक टाका. होकार मिळाला तर तोंडी होकारावर सुरू करू नका. पत्रावरच ‘परवानगी देण्यात येते’ असा शेरा आणि सही घ्या.

आमचं दीड पानाचं पत्र नऊ दिवसांनी परत आलं. लाल पेन याही वेळी चाललं होतं. खोली क्र. १४ खोडून तिथे ३ लिहिलं होतं. तीन नंबरची खोली स्टाफ रूमच्या अगदी समोर आहे आणि तिच्या खिडक्या व्हरांड्यात उघडतात.